पडताळणीच्या टेबलावर: मूळ कागद, तुमची सही आणि राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का

«सर, जिल्ह्यातल्या सरळसेवा भरतीत माझं नाव तात्पुरत्या निवड यादीत आलंय. पडताळणीच्या पत्रात ‘सर्व मूळ प्रमाणपत्रे व स्वयंसाक्षांकित छायांकित प्रतींचे दोन संच’ आणा असं लिहिलंय. पण सोबतच्या चारित्र्याच्या दाखल्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का मागितलाय. मग सगळ्याच झेरॉक्सवर त्यांची सही घेऊ का? जात, नॉन-क्रीमी लेयर आणि अधिवास हे दाखले ऑनलाइन काढलेत, त्यांचं ‘मूळ’ कशाला म्हणायचं? लग्नानंतर माझं नाव बदललंय, त्याचाही घोळ होईल का?»

झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घेत फिरू नका. प्रतींवर तुमचीच सही पुरते. राजपत्रित सही लागेल ती फक्त त्या एका दाखल्यावर, कारण तो दाखला त्या अधिकाऱ्यानेच द्यायचा आहे. ऑनलाइन दाखल्यांचं मूळ काय आणि नावाचं काय करायचं, ते खाली सांगतो. तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत माझी नोकरी झाली, आणि भरतीच्या पडताळणीला मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला पुष्कळदा बसलो आहे. त्यामुळे सांगतो ते त्या बाजूने सांगतो.

आधी ‘साक्षांकन’ म्हणजे काय ते डोक्यात पक्कं करा. ‘मी मूळ कागद पाहिला, ही प्रत हुबेहूब त्याच्यासारखी आहे’ एवढंच कुणीतरी सही करून सांगणं म्हणजे साक्षांकन. मूळ कागदातला मजकूर खरा आहे, तो दाखला या भरतीला चालतो किंवा त्याची मुदत शिल्लक आहे, यातलं काहीही साक्षांकनाने सिद्ध होत नाही. चुकीच्या वर्षाच्या नॉन-क्रीमी लेयरच्या झेरॉक्सवर साक्षात विभागीय आयुक्तांची सही आणलीत, तरी तो दाखला चुकीच्या वर्षाचाच राहतो. मुलं जड शिक्के मारलेल्या प्रती घेऊन येतात, तेव्हा कागदाला काहीतरी वजन आलं असा त्यांचा समज असतो. टेबलावरचा माणूस शिक्का बघतच नाही. तो मूळ कागद मागतो.

शिक्क्याचा हा धाक आला कुठून, तर झेरॉक्स नसलेल्या काळातून. तेव्हा गुणपत्रिकेची प्रत हाताने उतरवून किंवा टाइप करून काढावी लागे आणि तिला ‘खरी नक्कल’ म्हणत. टाइप करताना ५४ चे ६४ करणं सोपं होतं, म्हणून कुणा जबाबदार अधिकाऱ्याने मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी आणि सही करावी, अशी पद्धत पडली. झेरॉक्स यंत्र आलं आणि ताडून बघण्याचं काम जवळजवळ संपलं, सही मात्र उरली. मग ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या दारात पेशंटांच्या रांगेशेजारी सहीवाल्यांची दुसरी रांग लागू लागली, आणि वीस-वीस कागदांवर न बघता सह्या होऊ लागल्या. कुणाकुणाकडे अधिकाऱ्याचा बनावट शिक्काच असे. एव्हाना त्या सहीला पुरावा म्हणून काही किंमत राहिली नव्हती.

केंद्राने २०१३ पासून आपल्या खात्यांना स्वयंसाक्षांकन स्वीकारायला सांगितलं. महाराष्ट्रात ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने स्वयंघोषणा आणि स्वयंसाक्षांकन लागू झालं. त्यासोबत एक छोटा नमुना आहे. त्यात उमेदवार लिहून देतो की मी स्वयंसाक्षांकित केलेल्या प्रती मूळ कागदपत्रांच्याच सत्यप्रती आहेत, त्या खोट्या निघाल्या तर माझ्यावर खटला होऊ शकतो याची मला जाणीव आहे. तुमच्या पत्रासोबत तो नमुना असेल तर भरून पहिल्या पानावर लावा. काही ठिकाणी अजून ‘भारतीय दंड संहिता’ छापलेला जुना नमुनाच फिरतो. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, पण म्हणून नमुन्यात खाडाखोड करत बसू नका. दिलेला नमुना दिला तसाच भरा.

म्हणजे स्वयंसाक्षांकन ही नुसती सवलत नाही. पूर्वी प्रत खोटी निघाली की ‘साहेबांनीच सही केलीय’ म्हणून हात झटकता येत. आता प्रतीवर सही तुमची, त्यामुळे जबाबदारीही सगळी तुमची.

सही करायची पद्धत अगदी साधी आहे. तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो म्हणून सविस्तर सांगतो. ए-फोर कागदावर स्वच्छ प्रत काढा. मागच्या बाजूला काही छापलेलं किंवा शिक्का असेल तर मागची बाजूही काढा. प्रतीच्या खालच्या कोऱ्या जागेत ‘सत्यप्रत’ लिहून त्याखाली सही, पूर्ण नाव आणि दिनांक टाका. कागद चार पानांचा असेल तर चारही पानांवर सही करा. दाखल्याचा क्रमांक, बारकोड, अधिकाऱ्याचं नाव आणि शिक्का यांवर तुमची सही येऊ देऊ नका, कारण पडताळणारा नेमकं तेच वाचत असतो. अर्ज भरताना जी सही अपलोड केली होती तीच इथे करा. अर्जात मराठीत सही आणि प्रतींवर इंग्रजीत, असं झालं की निष्कारण एक खुलासा लिहून द्यावा लागतो.

आणि ही चूक मी दर भरतीत पाहिली आहे. उमेदवार एका संचावर छान सह्या करतो आणि दुसरा संच काढायला तो सही केलेला संचच झेरॉक्सवाल्याकडे देतो. दुसऱ्या संचात मग सहीचाही झेरॉक्स येतो, आणि झेरॉक्स झालेली सही म्हणजे साक्षांकन नव्हे. दोन्ही संचांवर शाईची सही हवी. त्यासाठी निळं पेन वापरा, म्हणजे खरी सही कुठली हे तुम्हालाही कळेल आणि आम्हालाही. या चुकीपायी कुणी बाद होत नाही, जागेवर पुन्हा सह्या करायला लावतात. पण तोवर तुमच्या मागचे पाच जण पुढे गेलेले असतात.

सहीखाली कुठली तारीख टाकायची, असाही प्रश्न असतो. ज्या दिवशी सही कराल त्या दिवसाची. काही मुलं अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीची तारीख टाकतात. त्यांना वाटतं प्रत ‘जुनी’ दिसली पाहिजे. त्याची काही गरज नाही. तारखेचा नियम दाखल्याला असतो, प्रतीवरच्या सहीला नसतो. उलट अर्जाची मुदत नोव्हेंबरमध्ये संपली आणि त्यानंतर मिळालेल्या कागदावर तुम्ही ऑक्टोबरची सही केलीत, तर न मिळालेला कागद पाहिला कसा, हे विचारायला जागा होते.

आता राजपत्रित अधिकारी. ज्यांच्या नेमणुकीची अधिसूचना शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध होते ते राजपत्रित. राज्य सेवेत गट-अ आणि गट-ब (राजपत्रित) हे त्यात येतात. तहसीलदार, नायब तहसीलदार, गटविकास अधिकारी, शासकीय वैद्यकीय अधिकारी ही नेहमी भेटणारी मंडळी. फसायला होतं ते गट-ब मध्ये, कारण त्यातच अराजपत्रित पदंही आहेत. पोलीस उपनिरीक्षक, राज्य कर निरीक्षक आणि मंत्रालयातले सहायक कक्ष अधिकारी गट-ब चे असले तरी राजपत्रित नाहीत. शेजारच्या फौजदार काकांची सही-शिक्का आणला म्हणजे ‘राजपत्रित’ झालं, असं होत नाही. विशेष कार्यकारी अधिकारीही राजपत्रित अधिकारी नव्हेत. गावोगावी त्यांचे शिक्के प्रतींवर चालत आले आहेत, म्हणून लोकांची गल्लत होते. नोटरीचं तेच. नोटरी प्रत प्रमाणित करू शकतो, प्रतिज्ञापत्र करून देऊ शकतो, पण कागदावर ‘राजपत्रित अधिकारी’ छापलं असेल तिथे नोटरीची सही चालत नाही. आणि उलट बाजूने, प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तिथे तहसीलदारांचा ‘सत्यप्रत’ शिक्का आणून उपयोग नाही.

तुमच्याकडे मागितलेला चारित्र्याचा दाखला ही वेगळीच गोष्ट आहे. तिथे अधिकारी प्रत तपासत नाही, तो स्वतः लिहून देतो की मी या व्यक्तीला अमुक वर्षांपासून ओळखतो आणि तिचं वर्तन चांगलं आहे. ही त्याची स्वतःची साक्ष असते, म्हणून तिथे तुमची सही चालण्याचा प्रश्नच येत नाही. फोटोवर राजपत्रित सही मागतात तेही असंच आहे. हा चेहरा आणि हे नाव एकाच माणसाचं आहे, असं दुसऱ्या कुणीतरी सांगायचं असतं. केंद्राच्या काही जुन्या नमुन्यांत ओळखीच्या दाखल्याखाली कोण कोण सही करू शकतं याची यादीच असते. त्यात राजपत्रित अधिकाऱ्यांसोबत आमदार-खासदार, शेवटच्या शाळा-कॉलेजचे मुख्याध्यापक वा प्राचार्य आणि पोस्टमास्तरसुद्धा असतात. अशी यादी छापली असेल तर तिच्यातला कुणीही चालतो. नुसतं ‘राजपत्रित अधिकारी’ असेल तर मात्र राजपत्रितच.

सही घेताना त्यांच्या सहीखाली नाव, पदनाम, कार्यालय, दिनांक आणि कार्यालयाचा गोल शिक्का आहे ना, हे तिथल्या तिथे बघा. नुसता पदनामाचा आडवा शिक्का आणि खाली गिरगटलेली सही असेल, तर कोण अधिकारी हेच कळत नाही आणि दाखला परत येतो. ‘इतक्या वर्षांपासून ओळखतो’ ही रिकामी जागा भरून घ्यायला तर जवळजवळ सगळेच विसरतात.

एक शब्द असा आहे की तो सगळ्यांनाच गोंधळात टाकतो. निवड झाल्यावर तुम्हाला ‘साक्षांकन नमुना’ भरायला देतील. नावात साक्षांकन असलं तरी त्याचा झेरॉक्सशी काही संबंध नाही. पोलिसांकडून चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी करून घेण्यासाठी तो असतो. त्यात राहण्याचे पत्ते, शिक्षण आणि गुन्हा दाखल असल्यास त्याची माहिती विचारलेली असते. त्यात काही लपवू नका. सुटका झालेला किरकोळ गुन्हा लिहिला म्हणून नोकरी अडण्यापेक्षा तो लिहिला नाही म्हणून अडण्याचा धोका मोठा असतो.

आता ‘मूळ’. गुणपत्रिका, पदवी, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं हस्तलिखित जात प्रमाणपत्र यांचं मूळ कुठलं, हे सांगायला नको. सही आणि शिक्का असलेला तो पहिला कागद. कॉलेजच्या संकेतस्थळावरून छापलेली गुणपत्रिका मूळ नसते. पदवी समारंभ व्हायचा असेल तर विद्यापीठाचं तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि शेवटच्या सत्राची छापील गुणपत्रिका न्या. त्या गुणपत्रिकेवर निकालाची तारीख असते, आणि जाहिरातीतल्या अर्हतेच्या तारखेशी ती लावून बघतात. परीक्षा मुदतीआधी झाली आणि निकाल मुदतीनंतर लागला, एवढ्यावरून चांगली मुलं बाद झालेली मी पाहिली आहेत. कागद अस्सल असूनही इलाज नव्हता.

कागद हरवला असेल तर मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून दुय्यम प्रत काढा. तिच्यावर ‘दुय्यम’ असा शेरा असतो आणि ती मुळासारखीच चालते, कारण ज्याने पहिली दिली त्यानेच दुसरी दिलेली असते. हरवलेल्या गुणपत्रिकेचा जुना झेरॉक्स तहसीलदारांकडून साक्षांकित करून आणला तर तो मूळ होत नाही, आणि तसं करून देणं त्यांच्या हातातही नाही. मूळ बघितल्याशिवाय साक्षांकन करायचंच नसतं.

ऑनलाइन दाखल्यांचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं. ‘आपले सरकार’वरून निघालेल्या दाखल्यावर अधिकाऱ्याने डिजिटल सही केलेली असते, शाईची सही कुठेच नसते. म्हणून त्याचं मूळ म्हणजे ती पीडीएफ फाइल. तुमच्या हातात असतो तो तिचा प्रिंट. पडताळणीला हा प्रिंट मूळ म्हणून मांडतात आणि त्यावरचा बारकोड किंवा क्रमांक संकेतस्थळावर टाकून टेबलावरच खात्री करून घेतात. त्यामुळे प्रिंट थेट फाइलवरून, शक्यतो रंगीत काढा. झेरॉक्सचा झेरॉक्स होत होत बारकोड पुसट झाला की तपासणारा अडतो आणि तुम्हीही अडता. पीडीएफ मोबाइलमध्ये आणि शिवाय मेलवरही ठेवा. सेतू केंद्रातून दाखला काढला असेल तर फाइल त्यांच्याकडून मागून घ्या. कित्येकांकडे नुसता प्रिंटच असतो आणि तो एकदा भिजला की संपलं.

डिजिलॉकरमध्ये ‘जारी केलेले’ म्हणून जे कागद दिसतात ते २०१६ च्या नियमांप्रमाणे आणि २०१७ मधल्या दुरुस्तीनंतर मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. पण तुम्ही स्वतः फोटो काढून तिथे चढवलेला कागद हा तुमच्या कपाटातल्या झेरॉक्ससारखाच, त्याला ती बरोबरी नाही. दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये दिसतात म्हणून लोक चुकतात. आणि पत्रात ‘मूळ प्रमाणपत्रे’ लिहिलं असेल तर छापील मूळ असताना फक्त मोबाइल दाखवायला जाऊ नका. नियम तुमच्या बाजूने असला तरी त्या हॉलमध्ये रेंज असेलच असं नाही.

टेबलावर काय चालतं तेही सांगतो, म्हणजे दोन संच कशाला ते कळेल. समोर तुमचा ऑनलाइन अर्ज असतो. त्यात तुम्ही जे जे भरलंत त्याच्यासाठी एकेक कागद मागतात. मूळ कागद बघतात, प्रत त्याला लावून बघतात, मूळ तुम्हाला परत देतात आणि प्रतीवर ‘मूळ प्रमाणपत्रावरून पडताळले’ असा शेरा मारून सही करतात. आता बघा, त्या प्रतीला जो काही अधिकार येतो तो या सहीने येतो. तीच प्रत नस्तीत राहते आणि नेमणूक झाली की तुमच्या सेवापुस्तकाच्या कागदांत जाते. दुसरा संच सहसा मागणीपत्र पाठवणाऱ्या किंवा नेमणूक देणाऱ्या कार्यालयाचा. पुढे ते कार्यालय विद्यापीठाला, मंडळाला आणि जात पडताळणी समितीला पत्र पाठवून दाखले खरे आहेत का विचारतं. म्हणजे कागदाच्या खरेपणाची तपासणी तुमच्या मागे चालते, तुमच्यासमोर फक्त ओळखपरेड होते.

आता एक प्रसंग सांगतो. तुमच्यासारखीच एक बाई, इतर मागास वर्गातली, लग्न झालेली. जाहिरातीची मुदत नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली होती आणि पडताळणी पुढच्या वर्षी जुलैत होती. नेटकी फाइल, पारदर्शक कप्पे, प्रत्येक प्रतीवर तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. त्या सहीसाठी तिने दोन दिवस घालवले होते. पत्रात स्वयंसाक्षांकित लिहिलेलं, त्यामुळे आम्ही तिला प्रत्येक प्रतीवर शिक्क्याशेजारी स्वतःची सही करायला सांगितलं. राजपत्रित सही असल्याने काही बिघडलं नाही, फक्त काही साधलंही नाही.

अडलं ते नॉन-क्रीमी लेयरवर. तिने नवाकोरा दाखला आणला होता, मे २०२५ मध्ये मिळालेला. ताजा म्हणजे चांगला, असा तिचा हिशेब. पण त्या जाहिरातीत दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेला वैध असायला हवा होता. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यावर ‘३१ मार्च अमुक पर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. आम्हाला हवा होता तो ३१ मार्च २०२५ पर्यंतचा जुना दाखला, जो नोव्हेंबर २०२४ ला चालू होता. जुलैत तो संपलेला असल्याने तिने घरी ठेवून दिला होता. तिच्याकडे त्याचा झेरॉक्स होता, त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सहीसुद्धा होती. ती पुन्हा पुन्हा तो शिक्का दाखवत होती. पण आम्ही मुळाशिवाय शेरा मारू शकत नव्हतो.

सुदैवाने तो दाखला ऑनलाइन होता. तिने सेतू केंद्रवाल्याला फोन लावला, त्याने अर्ध्या तासात पीडीएफ पाठवली, तिने खाली जाऊन रंगीत प्रिंट काढला, आम्ही क्रमांक टाकून बघितला आणि शेरा मारला. दाखला जुन्या पद्धतीचा, शाईच्या सहीचा असता तर तिला घरी जाऊन यावं लागलं असतं, आणि घर दीडशे किलोमीटरवर होतं. म्हणून सांगतो, मुदत संपली म्हणून कुठलाही दाखला फाइलमधून काढू नका. दोन्ही वर्षांचे न्या आणि मागतील तो द्या. कुठल्या तारखेचा किंवा वर्षाचा हवा हे जाहिरातीत शोधून त्या ओळीवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

तिच्या नावाचाही प्रश्न निघालाच. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि जात प्रमाणपत्र माहेरच्या नावाने. अर्ज, आधार आणि अधिवास सासरच्या नावाने. जात प्रमाणपत्र माहेरच्याच नावाने असतं, त्यात काही गैर नाही, जात वडिलांकडून येते. पण माहेरची ती आणि सासरची ही एकच, हे दाखवणारा एक कागद मध्ये लागतो. विवाह नोंदणी प्रमाणपत्रात दोन्ही नावं नीट असतील तर पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागतं. काही जाहिरातींत मात्र नाव बदलल्याचं राजपत्रच मागितलेलं असतं, मग पर्याय नाही. तुम्ही राजपत्राला अजून अर्ज केला नसेल तर आजच करा, प्रसिद्ध व्हायला वेळ जातो. ‘मी आणि अमुक एकच व्यक्ती’ असं स्वतः लिहून स्वयंसाक्षांकित करून आणणारे भेटतात, पण स्वयंसाक्षांकन प्रतीचं करायचं असतं. तुम्ही स्वतःच लिहिलेल्या कागदाला मूळ कुठलं? तिथे प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तेसुद्धा मागितलं असेल तरच उपयोगी पडतं.

केंद्राच्या भरतीला बसत असाल तर एक लक्षात ठेवा. इतर मागास वर्गाचा दाखला तिथे केंद्राने ठरवलेल्या नमुन्यात लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्याच्या नमुन्यातला दाखला अस्सल असूनही तिथे चालत नाही. दाखला काढतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात’ असं स्पष्ट मागा. ही चूक ऐन पडताळणीच्या हॉलमध्ये कळली तर कुणाचीही सही घेऊन ती दुरुस्त होत नाही.

अर्जाची पोच आणि दाखला यातही गल्लत करू नका. जात वैधता प्रमाणपत्र मिळालेलं नसेल आणि समितीकडे प्रकरण दाखल असेल, तर त्या पोचपावतीचं मूळ आणि प्रत न्या. ती कुठवर चालते, हमीपत्र देऊन मुदत मिळते का, हे त्या त्या जाहिरातीवर ठरतं. पण पावतीच्या झेरॉक्सला दाखला समजून संचात खुपसू नका. ती वेगळी ठेवा आणि विचारलं तर सांगा की दाखला आलेला नाही, ही पोच आहे. टेबलावरच्या माणसाला राग येतो तो काहीतरी दडवलं जातंय असं वाटलं की. कमी असलेल्या कागदाबद्दल आधी सांगितलं तर तो नोंद करून पुढचा रस्ता सांगतो.

मूळ कागद कॉलेजात अडकलेत असं पुष्कळ जण सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की संस्थांनी मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत. त्यामुळे अर्ज देऊन ती परत घ्या, पडताळणीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आत्ताच. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. उठावाचा शिक्का दिसेनासा होतो आणि मागचा शेरा वाचता येत नाही. पारदर्शक कप्प्यात सुटे ठेवा, म्हणजे काढून देता येतात.

पत्रातल्या क्रमाने कागद लावा. तीन थर करा, मुळांचा एक आणि प्रतींच्या संचांचे दोन, आणि मुळांना स्टेपलर लावू नका. सगळ्यात वर पडताळणीचं पत्र, अर्जाचा प्रिंट, ओळखपत्र आणि अर्जावर लावलेत तसेच दोन-चार फोटो. निघताना टेबलावरच मूळ कागद मोजून घ्या. घाईत दुसऱ्याच्या फाइलमध्ये गेलेली पदवी शोधायला आम्ही एकदा रात्री आठपर्यंत बसलो होतो.